उतरताना मोजलेले सेकंद

सावकाशमास्तरांचं खरं नाव त्यांच्या जिमच्या पाटीवर होतं, पण पाटी कुणी वाचत नसे. टायरच्या दुकानाखालच्या तळघरात त्यांची जिम, दुकानाच्या वर घर. बारा पायऱ्या उतरायच्या, डोकं वाकवून आत शिरायचं, की पहिल्यांदा रबराचा वास यायचा आणि मग मास्तरांचा आवाज. "एक... दोन... घाई कुठंय? ट्रेन सुटतेय? तीन... चार..." हा आवाज ऐकत ऐकत त्या गल्लीतल्या दोन पिढ्यांचे दंड तयार झाले होते. वजन वर कसं नेलंत याच्याशी मास्तरांना फारसं देणंघेणं नव्हतं. खाली आणताना मात्र त्यांच्या मोजणीच्या आत हात सुटला, तर तो सेट धरलाच जात नसे. मग तुम्ही नवखे असा नाहीतर पोलीस खात्यातले पैलवान.

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं. तेव्हा ते सामान हलवणाऱ्या एका कंपनीत हमाली करत. जिन्यातून लोखंडी कपाट उतरवताना वरच्या टोकाच्या माणसाने हात सोडला आणि खालच्या टोकाला असलेल्या मास्तरांच्या दोन बोटांचा कायमचा निकाल लागला. चढवायला काय, जोर लावला की कुणीही चढवतो, उतरवताना माणूस कळतो, असं ते त्या दिवसापासून म्हणू लागले. पुढे जिम काढली तेव्हा तेच भिंतीवर आलं. त्यांनी स्वतःच्या हाताने एक तक्ता रंगवला: खाली सहा मोजा, वर दोन मोजा. वजनाचा आकडा त्या तक्त्यात कुठेच नव्हता. तीस वर्षांत कुणी विचारलंही नाही.

आणि खोटं कशाला बोला, माणसाचं अगदीच चुकत नव्हतं. वजन आपटणारे, झोके देऊन उचलणारे, कंबर मोडून घेणारे लोक त्यांच्याकडे आले की सुधारत. कोपर दुखणारा एक सुतार आला होता, तोही बरा होऊन गेला. लोक बरे झाले की मास्तरांची छाती फुगायची आणि तक्त्यावर नवा रंग चढायचा. बरं होण्याचं श्रेय त्यांनी सगळंच्या सगळं सेकंदांना देऊन टाकलं होतं. आपल्या लाडक्या गोष्टीची कुणी अशी झडती घेत नाही, त्यांनीही घेतली नाही.

त्यांना एकच लेक. बायको गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळा सुटली की ती तळघरात येऊन बाकावर बसायची आणि बापाच्या मोजणीवर अभ्यास करायची. मोठी झाली आणि अग्निशमन दलात भरती झाली. शिडीच्या गाडीवर तिची नेमणूक होती, म्हणून ठाण्यातले सगळे तिला शिडी म्हणत. मास्तरांना ते नाव मुळीच आवडत नसे, पण शेजाऱ्यांना सांगताना ते न विसरता सांगत.

एका गोदामाच्या आगीत तिचा पाय ओल्या जिन्यावर सरकला आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली. काही महिने कुबड्या, मग काठी, मग काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा जोडलाय, आता मांडी परत आणा, आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. दुखऱ्या पायाची मांडी उतरून सैल पडली होती. गुडघ्याच्या वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर टेप लावला, तर चांगल्या पायाला जवळपास एक्कावन्न भरत होते आणि दुखऱ्या पायाला साडेसत्तेचाळीस.

दलाचं पत्र आलं. सोळा आठवड्यांनी चाचणी. पूर्ण पोशाखात, खांद्यावर होजचं, म्हणजे पाण्याच्या जाड नळीचं, भेंडोळं घेऊन सहा मजले चढायचे, वर दोराने दुसरं होज ओढून घ्यायचं आणि परत खाली यायचं. चार मिनिटांत. जमलं नाही तर वर्षभर दुसरी संधी नाही, आणि वर्षभर शिडीवरची जागा कुणासाठी रिकामी ठेवत नाहीत. नापास झालेल्यांना नियंत्रण कक्षात बसवतात, फोन घ्यायला.

"सोळा आठवडे खूप झाले," मास्तर म्हणाले. "तुझा पाय मी घडवतो."

"फिजिओबाई आहेत ना, बाबा."

"त्यांना राहू दे की. महिन्यातून एकदा जा, दाखवून ये. रोजचं मी बघतो."

लेक हसली. तिला बरंच वाटलं होतं. त्या तळघराइतका विश्वास तिचा दुसऱ्या कशावरच नव्हता.

पहिल्या आठवड्यात लेग प्रेसवर, म्हणजे पायाने वजन ढकलायच्या मशिनवर, एका पायाने तीस किलो. सहा मोजत खाली. दुसऱ्या दिवशी तिला खुर्चीवरून उठताना हातांचा आधार घ्यावा लागला, इतकी मांडी दुखली. मास्तर खूश झाले. दुखतंय म्हणजे लागतंय, हा त्यांचा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं. तेव्हा मास्तरांनी जे केलं, ते त्यांच्यासारखाच माणूस करू शकतो. त्यांनी प्लेट वाढवली नाही, मोजणी वाढवली. सहाचे आठ केले. पाचव्या आठवड्यात आठाचे दहा. वजन तिसाचं पस्तीस झालं आणि तिथंच राहिलं, कारण दहा मोजत उतरवायचं तर त्याहून जास्त झेपणार कसं? पाच वेळा वरखाली झालं की मास्तर "बस" म्हणत आणि ती थांबत असे. तिच्या पायात अजून किती उरलंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. घामाने दोघांचे कपडे भिजलेले असायचे. तिने पाय हलवला म्हणून, यांनी मोजलं म्हणून.

दर शनिवारी व्यायाम झाला की लगेच ते टेप लावत. चौथ्या शनिवारी अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा भरले. मास्तरांनी तो आकडा तक्त्याखाली खडूने लिहिला, तीनदा वाचला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. टायरवाल्यालासुद्धा. टायरवाला म्हणाला, छान. त्याला काय कळणार?

सहाव्या आठवड्यात लेक फिजिओबाईंकडे जाऊन आली आणि बापाला एक चिठ्ठी दिली. "तुमच्यासाठी दिलीय. तुमच्या भाषेत असेल काहीतरी," म्हणाली आणि अंघोळीला गेली. चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. पाय स्थिर आहे, उतरण्यावरचा ताबा उत्तम. आता मोजणी कमी करा आणि वजन वाढवा, दर आठवड्याला.

मास्तरांनी ती वाचली. कान गरम झाले. बाई वीस वर्षं दवाखान्यात बसतात, मान्य, पण तळघरात किती माणसं घडवली त्यांनी? अजून गुडघा कच्चा, त्यावर वजन टाकायचं आणि परत तुटला म्हणजे? भीती आणि अहंकार या दोघांनी त्या दिवशी एकमेकांचा हात धरला आणि चिठ्ठी टेबलाच्या खणात गेली, सुट्या स्क्रूंच्या डब्याखाली. लेक बाहेर आली. "काय लिहिलंय?" तिने केस पुसत विचारलं.

"चांगलं चाललंय म्हणतात. ताबा उत्तम."

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी गिळलं.

दहाव्या आठवड्यात मास्तर स्वतः तिच्याबरोबर गेले. त्यांना कौतुक ऐकायचं होतं. सकाळी नऊची वेळ होती, व्यायाम झाला नव्हता. फिजिओबाईंनी टेप लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. सत्तेचाळीस पूर्णांक सात.

"परत घ्या," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे अठ्ठेचाळीसच्या वर भरतात."

"तुम्ही कधी मोजता, काका?"

"व्यायाम झाल्यावर."

बाईंनी टेप गुंडाळला. "व्यायामानंतर मांडीत रक्त-पाणी उतरतं, फुगते ती. संध्याकाळपर्यंत ओसरतं. तुम्ही ती फूग मोजत होतात."

मग त्यांनी लेकीला एका खुर्चीवर पट्ट्यांनी बांधलं. नडगीसमोर पॅड, पॅडला जोडलेलं यंत्र. "ढकल, आहे नाही तेवढा जोर लाव," म्हणाल्या. आधी चांगला पाय, मग दुखरा. लेकीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. आकडा पडद्यावर आला. दुखरा पाय चांगल्या पायाच्या चौसष्ट टक्के.

"सहा मजले चढायचे तर नव्वदीच्या आसपास हवा," बाई म्हणाल्या. लेकीला त्यांनी बाहेर सायकलवर बसवलं आणि दार लोटून घेतलं. "काका, मी चिठ्ठी पाठवली होती."

मास्तर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले.

"वजन किती आहे आता?"

"पस्तीस. पण दहा मोजत. पन्नास सेकंद मांडी ताणाखाली असते, बाई. एका सेटला पन्नास सेकंद."

"कसल्या ताणाखाली?" बाईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माणूस जेवढं उचलू शकतो, त्याहून जास्त उतरवू शकतो. उतरताना स्नायू मुळातच जास्त ताकदवान असतो. ती उचलू शकते त्याहूनही हलकं वजन तुम्ही तिला उतरवायला लावता आणि घड्याळ लांबवता. जळजळ होते, दम लागतो, मांडी फुगते, सगळं होतं. पण स्नायूला वाढायला भाग पाडेल असं ओझं कुठंय? हलक्या वजनानेही मांडी वाढते, नाही असं नाही, पण मग पाय अगदी संपत येईपर्यंत करायला हवं. तुम्ही पाचाला थांबवता. मोजणी संपली म्हणून थांबता, पाय संपला म्हणून नाही."

"सावकाश केलं म्हणजे..."

"सावकाश केल्याने गुडघा स्थिर झाला. वाटीभोवती दुखायचं ते थांबलं. तिचा पायावर विश्वास बसला. हे तुमचं काम आहे आणि ते चांगलं झालंय. पण दोन सेकंदांत उतरवा किंवा सहांत, सारख्याच मेहनतीला मांडी सारखीच वाढते. दहावर गेलात की तोटाच, कारण वजन हातातून जातं. आणि ताकद तर वजनाशिवाय येतच नाही. जिना चढायला झटक्यात जोर लागतो. तो तिने दहा आठवड्यांत एकदाही लावलेला नाही."

तीस वर्षं, दोन पिढ्या, भिंतीवरचा तक्ता, सगळं त्या खोलीतल्या पांढऱ्या उजेडात उघडं पडलं होतं. पण त्याचं मास्तरांना फार काही वाटलं नाही. बाहेर सायकलचं पेडल फिरत होतं, त्याचं वाटलं.

"सहा आठवड्यांत होईल?" त्यांनी विचारलं.

"ताकद थोडी लवकर येते, मांडी भरायला वेळ लागतो. प्रयत्न करा. मी खोटं सांगणार नाही."

लेकीला त्यांनी सांगितलं की बाईंनी आता पद्धत बदलायला सांगितली आहे. कधी सांगितली, ते सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणाले मनाशी. मग चाचणीच्या आधी तिचं मन कशाला मोडा, असं म्हणाले. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावतो, याला काही सुमार नाही.

त्या संध्याकाळी चाळीस किलो लावले. दोन-तीन सेकंदांत खाली, धरून, न आपटता. वर जाताना मात्र जेवढा जोर असेल तेवढा. आठव्या खेपेला अजून एखादीच जमली असती अशा ठिकाणी थांबायचं. मास्तरांना काय करावं ते कळेना. आवाज घशापर्यंत यायचा आणि परत जायचा. मोजायचं नाही तर त्या माणसाने हात ठेवायचे कुठे? ते मशिनच्या बाजूला उभे राहून प्लेटला बोटं लावत, काढत. मधलं बोट आणि अनामिका, तीच दोन, वाकडी.

"बाबा, गप्प का?"

"तू कर."

पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न. पायरीवर उडी मारत चढणं, डंबेल घेऊन बारा पायऱ्या पळत चढणं. टायरवाला रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून तिचं वरखाली बघत बसे. जेवण वाढवलं, झोप वाढवली, मध्ये पायाला सुट्टीचे दिवस ठेवले. मास्तरांना ते सुट्टीचे दिवस खायला उठत. कॅलेंडरकडे बघितलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळे. स्नायू काही पत्र वाचून वाढत नाही. त्याला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच, आणि दिवस त्यांनी खणात घालून ठेवले होते. चौदाव्या आठवड्यात पासष्ट किलो झाले. टेप सकाळी, अंथरुणातून उठल्यावर लावायचा. अठ्ठेचाळीस पूर्णांक तीन. या खेपेला आकडा खरा होता आणि त्यामुळेच तो बघवत नव्हता. पंधराव्या आठवड्यात यंत्रावर अठ्ठ्याहत्तर टक्के आले.

"छान चाललंय," फिजिओबाई लेकीला म्हणाल्या. मास्तरांकडे त्यांनी पाहिलं नाही.

चाचणी दलाच्या मैदानावर होती. काँक्रीटचा सहा मजली मनोरा, खिडक्यांना तावदानं नाहीत, चढायला आतून जिना, उतरायला बाहेरून उघडा जिना. घरचे लोक दोरीच्या मागे. मास्तर सकाळपासून तिथे उभे होते, कुणीतरी दिलेला चहा हातात तसाच गार झाला होता.

शिट्टी झाली. लेक आत शिरली. खिडक्यांतून तिचं पिवळं हेल्मेट दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यापर्यंत ती वेळेच्या पुढे होती. चौथ्याच्या खिडकीत हेल्मेट यायला उशीर झाला. पाचव्याला आणखी. ती आता प्रत्येक पायरीला चांगला पाय आधी टाकत असणार आणि दुखरा मागून ओढत असणार, हे मास्तरांना न बघताही कळलं. त्यांची स्वतःची मांडी आखडून आली. सहाव्यावर तिने दोर ओढला, होज भराभर वर गेलं, हातांत कमी नव्हतीच. मग ती बाहेरच्या जिन्याने उतरायला लागली.

आणि काय उतरली ती. ओझ्यासकट, एकाही पायरीवर न डगमगता, गुडघा सरळ रेषेत, पाऊल पुरतं टेकवून. बाजूला उभा असलेला दलाचा एक जुना माणूस म्हणाला, "उतरणं बघा पोरीचं. शिकवलेलं दिसतंय." मास्तरांना वाटलं जमीन दुभंगावी.

चार मिनिटं अकरा सेकंद.

अधिकाऱ्याने आकडा लिहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलला. ती मान हलवत राहिली. दोरीपाशी आली तेव्हा चेहरा काळवंडला होता, पण रडली नाही.

"माझंच अंग कमी पडलं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही तर सगळं केलंत."

हे वाक्य घेऊन मास्तर घरी आले. दोन दिवस जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नियंत्रण कक्षात हजर व्हायला निघाली. इस्त्रीचा शर्ट, पायात जड बुटांऐवजी साधे काळे जोडे. मास्तर खालून जिममधून वर आले आणि त्यांनी चिठ्ठी तिच्यासमोर टेबलावर ठेवली. स्क्रूंच्या गंजाचा डाग पडला होता तिच्यावर.

"ही तेव्हाची," ते म्हणाले. "मी तुला खोटं सांगितलं. वजन वाढवा असं लिहिलंय त्यात. मी नाही वाढवलं. मला वाटलं, मला जास्त कळतं. घाबरलोही होतो, पण ते नंतरचं. आधी मला वाटलं, मला जास्त कळतं."

तिने चिठ्ठी वाचली. दोनच ओळी, पण वाचायला वेळ लागला.

"कितव्या आठवड्यातली?"

"सहाव्या."

तिने बोटांवर मोजलं. सहा ते दहा. चार बोटं मिटली आणि ती त्या मुठीकडे बघत राहिली.

"तेवढ्याने झालं असतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही, पोरी. बाईंना विचारलं परवा. त्या म्हणाल्या, कुणालाच सांगता येणार नाही."

"अकरा सेकंद होते, बाबा."

त्यांना वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, चिठ्ठीची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. दारात क्षणभर थांबली, पण वळली नाही.

"संध्याकाळी मी टायरवाल्याच्या दुकानासमोरून येणार नाही," म्हणाली. "मागच्या रस्त्याने येईन. जिमचं दार दिसायला नको मला काही दिवस."

"बरं."

ती जिना उतरू लागली. मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. घरचा जिना लाकडी, प्रत्येक पायरी वाजे. एक पाऊल, मग दुसरं, सारख्या अंतराने, सारख्या वजनाने, कुठेही घाई नाही, कुठेही तोल जात नाही. अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं. चौथ्या पायरीला त्यांच्या लक्षात आलं की आपले ओठ हलतायत, आपण मोजतोय. त्यांनी तळहाताने तोंड दाबून धरलं आणि ती खाली पोचेपर्यंत तसंच धरून ठेवलं.